पुराच्या बातमीपत्राची संहिता: पत्रक एक, भाषा दोन

बडोद्यातल्या एखाद्या छोट्या वृत्तवाहिनीत नव्यानं लागलेल्या मराठी मुलामुलींच्या वाट्याला पहिल्याच पावसाळ्यात एक काम येऊ शकतं. संध्याकाळचं पाच मिनिटांचं पूर आणि मदतकार्याचं बातमीपत्र, आधी गुजरातीत आणि लगेच मराठीत. बहुतेक जण गुजराती स्क्रिप्ट समोर ठेवून तिचं मराठी करत जातात. त्यात वेळ वाचतो खरा, पण गुजरातीत घाईनं झालेली चूक मराठीत जशीच्या तशी उतरते आणि भाषांतराची आणखी एक तिच्यावर चढते. साध्या बातमीत हे खपून जातं. मृतांच्या आकड्यात खपत नाही, कारण रात्री एका घरात सासूबाई मराठी बातम्या लावतात आणि शेजारच्या घरात गुजराती लागतात, आणि दोन आकडे वेगळे निघाले की फोन थेट स्टुडिओत येतो.

म्हणून पद्धत अशी ठेवा: आधी एक तथ्यपत्रक भरायचं आणि दोन्ही स्क्रिप्ट त्यावरून स्वतंत्र लिहायच्या. एकीवरून दुसरी करायची नाही.

पत्रक कसं भरायचं

कागद असो की संगणकावरचा तक्ता, प्रत्येक माहितीसमोर पाच गोष्टी हव्यात: आकडा, तो कशाचा आहे, कोणत्या हद्दीतला आहे, कुणी सांगितला, आणि सांगितला तेव्हा घड्याळात किती वाजले होते. पाचांपैकी एक जरी रिकामी राहिली तरी ती ओळ वाचनात जाणार नाही, असं स्वतःशी ठरवून टाका. अधिकारी गुजरातीत बोलला असेल तर त्याचं वाक्य पत्रकात गुजरातीतच ठेवा, तिथे मराठी करू नका.

आता एक सरावाचा दिवस घेऊ. आकडे मी रचलेले आहेत, पण गोंधळ नेहमीचाच आहे. मंगळवारची संध्याकाळ, बुलेटिन सात वाजता.

पाच वाजून दहा मिनिटांनी कलेक्टर कचेरीतला जिल्हा नियंत्रण कक्ष सांगतो: सोमवारपासून जिल्ह्यात ४ मृत्यू, त्यातले २ बुडून, १ भिंत कोसळून, १ विजेच्या धक्क्यानं. पाच चाळीसला तुमचा बातमीदार हॉस्पिटलमधून कळवतो की शवागारात ६ मृतदेह आलेत. सहा वाजता अग्निशमन दल म्हणतं की विश्वामित्री नदीतून २ मृतदेह काढले आणि ३१० लोकांना बोटींनी वाचवलं. सव्वासहाला गांधीनगरहून मंत्री राज्यभरातल्या ११ मृत्यूंचा आकडा देतात. साडेसहाला पोलीस सांगतात की जिल्ह्यात २ जण बेपत्ता असल्याची नोंद त्यांच्याकडे आहे.

नवखा माणूस इथे दोनपैकी एक करतो. एकतर सगळ्यात मोठा आकडा उचलतो, नाहीतर चार, सहा आणि दोन अशी बेरीज करून बारा काढतो. बारा तर राज्याच्या आकड्यापेक्षाही मोठा झाला, तिथेच पाल चुकचुकायला हवी. हे आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. अग्निशमन दलाने काढलेले दोन मृतदेह जिल्ह्याच्या चारांत बहुधा धरलेले असतील, पण ‘बहुधा’ पुरत नाही, फोन करून विचारायचं. शवागारातल्या सहांत एखादा शेजारच्या जिल्ह्यातून आणलेला असेल, एखाद्याचा पुराशी काहीच संबंध नसेल. हॉस्पिटल मृतदेह मोजतं, अग्निशमन दल आपण बाहेर काढलेली माणसं मोजतं, आणि जिल्हा प्रशासन मोजतं ते पुरामुळे झाले असं ठरलेले मृत्यू.

शेवटचा आकडा नेहमी मागे का असतो, याचं कारण कळलं की चिडचिड कमी होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी मृत्यूच्या कारणाचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे प्रशासनाच्या यादीत नाव चढणं हा पैशाचाही निर्णय असतो, त्यामुळे खात्री होईपर्यंत ते नाव बाहेरच राहतं. तुमचा बातमीदार जास्त आकडा सांगत असेल तर तो खोटं बोलतोय असं नव्हे, आणि कलेक्टर कचेरी लपवतेय असंही नव्हे. बुलेटिनचा मुख्य आकडा मात्र एकाच यंत्रणेचा घ्या आणि दिवसभर त्याच यंत्रणेचा ठेवा. आपल्या उदाहरणात तो जिल्हा नियंत्रण कक्षाचा चार. अकरा हा वेगळ्या वाक्यात जाईल, ‘राज्यभरात’ या शब्दासकट. सहा आज वाचायचा नाही. तो पत्रकात राहील आणि सात वाजायच्या आत हॉस्पिटलला प्रश्न जाईल.

मृत्यूची ओळ

आधी मराठी:

‘वडोदरा जिल्ह्यात सोमवारपासून आतापर्यंत चार जणांचा मृत्यू झाला आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाने आज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ही माहिती दिली. दोन जणांचा बुडून, एकाचा भिंत कोसळून आणि एकाचा विजेचा धक्का लागून मृत्यू झाला. याशिवाय जिल्ह्यात दोन जण बेपत्ता असल्याची संध्याकाळी साडेसहापर्यंतची नोंद पोलिसांकडे आहे.’

गुजराती प्रॉम्प्टरवर अर्थातच गुजराती लिपीत जाईल, इथे देवनागरीत देतो:

‘वडोदरा जिल्लामां सोमवारथी अत्यार सुधीमां चार व्यक्तिनां मृत्यु थयां होवानुं जिल्ला कंट्रोल रूमे आजे सांजे पांच ने दस मिनिटे जणाव्युं छे. बेनां मृत्यु डूबी जवाथी, एकनुं दीवाल धसी पडवाथी अने एकनुं वीजकरंट लागवाथी थयुं छे. आ उपरांत जिल्लामां बे व्यक्ति गुम होवानी सांजे साडा छ सुधीनी नोंध पोलीस पासे छे.’

दोन्हींत वाक्यांची रचना वेगळी आहे. गुजरातीत ‘होवानुं जणाव्युं’ एकाच वाक्यात सहज बसतं. मराठीत ‘मृत्यू झाला असल्याचे नियंत्रण कक्षाने सांगितल्याचे’ करत गेलं की वाचणारा अडखळतो, म्हणून दोन वाक्यं. ज्या गोष्टी सारख्याच हव्यात त्या चारच: आकडा, हद्द, स्रोत आणि वेळ. ऑन एअर जाण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त या चार जागी पेन्सिलनं टिक करा.

‘चार जण’ लिहिलंय, ‘चौघे’ नाही. मृतांत स्त्रिया किती हे कळलेलं नसताना चौघे-चौघी ठरवता येत नाही, ‘चार जण’ दोन्हीकडे चालतं. ‘पुराचे चार बळी’ हा मथळा मोहात पाडतो, आणि गुजरातीत त्याचा जुळा भाऊ आहे, ‘पूरे चारनो भोग लीधो’. दोन्ही टाळा. भिंत जुनी होती म्हणून पडली की पाण्यानं खचली, विजेची तार कुणाच्या चुकीनं उघडी राहिली, याची चौकशी बाकी असते आणि मथळा निकाल देऊन बसतो. ‘ठार’ हा शब्द अपघाताचा किंवा हल्ल्याचा, बुडालेल्या माणसासाठी नको. ‘विजेमुळे मृत्यू’ असंही लिहू नका, आकाशातली वीज की खांबावरची हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘वीज पडून’ किंवा ‘विजेचा धक्का लागून’, यातलं जे असेल ते स्पष्ट म्हणा.

बेपत्ता माणसांना मृतांशेजारी बसवताना मध्ये ‘याशिवाय’ ठेवा, नाहीतर घरी ऐकणारा चार अधिक दोन सहा करून मोकळा होतो. वाचवलेले आणि हलवलेले हेही वेगळे असतात. पाण्यात अडकलेल्यांना बोटीनं काढलं ते वाचवलेले. पाणी चढण्याआधी शाळेत नेऊन ठेवलं ते सुरक्षित ठिकाणी हलवलेले. एकच कुटुंब दोन्ही याद्यांत असू शकतं, म्हणून त्यांची बेरीज करून ‘इतक्या लोकांची सुटका’ असं कधी म्हणू नका.

गावांची नावं

पहिला प्रश्न घरचाच: बडोदे की वडोदरा? माझं मत असं की जिल्हा, महानगरपालिका, पोलीस आयुक्तालय अशा अधिकृत नावांत ‘वडोदरा’, आणि शहराबद्दल सहज बोलताना ‘बडोदे’, ‘बडोद्यात’. घरात आपण तसंच बोलतो. पण एकाच बातमीत दोन्ही येणार असतील तर सुरुवातीला एकदा ‘बडोदे शहरात’ असं म्हणा. कारण खरा धोका हा की वडोदरा शहर आहे, तालुका आहे आणि जिल्हाही आहे. ‘वडोदऱ्यात चार मृत्यू’ म्हटलं की फतेगंजातला माणूस ते आपल्या शहरातले धरतो, आणि प्रत्यक्षात त्यातले दोन डभोई तालुक्यातले असू शकतात.

काही नावं फक्त मराठी कानांना फसवतात. सावली हा तालुका आहे, पण ‘सावलीत अडकलेल्या वीस जणांना बाहेर काढले’ असं वाचून बघा. महामार्गावर पोर नावाचं गाव आहे, आणि ‘पोरजवळ एकाला वाचवले’ ऐकल्यावर लोक मूल शोधू लागतात. उपाय साधा आहे: नावाला प्रत्यय न जोडता पुढे तालुका, गाव, भाग असा शब्द घ्या. ‘सावली तालुक्यात’, ‘पोर गावाजवळ’, ‘समा भागात’. यात आणखी एक फायदा होतो, मूळ नाव मोडत नाही. ‘पादऱ्यात’ हे मराठी म्हणून बिनचूक आहे, पण नागपूरहून कालच आलेल्या सुनेला त्यातून ‘पादरा’ सापडेलच असं नाही.

एकाच नावाच्या दोन जागांचा घोळ याहून गंभीर. करजण हे वडोदरा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. करजण धरण मात्र नर्मदा जिल्ह्यात राजपिपळ्याजवळ, करजण नदीवर आहे. ‘करजणमधून पाणी सोडले’ एवढंच वाचलंत तर चुकीच्या गावात घाबरगुंडी उडेल. आजवा म्हणजे जलाशयही आणि शहरातला आजवा रोडही. विश्वामित्री म्हणजे नदीही आणि रेल्वे स्टेशनचा भागही. आणि तुमचं मराठी बुलेटिन इंटरनेटवर मुंबईत दिसणार असेल तर ‘काळा घोडा’ म्हणताना ‘विश्वामित्रीवरील काळा घोडा पूल’ एवढं पुरतं लिहा.

फूट, इंच आणि फोनवरचे आकडे

विश्वामित्रीची पातळी फुटांत सांगतात आणि आजव्याचीही फुटांत, पण ते फूट एका ठिकाणाहून मोजलेले नाहीत. पुलाजवळची पट्टी नदीची पातळी दाखवते, ती पंचविसाच्या आसपास गेली की शहर जागं होतं. आजव्याचा दोनशे अकरा किंवा दोनशे तेरा फूट हा आकडा पाण्याची खोली नाही, ठरलेल्या संदर्भपातळीपासूनची उंची आहे. ‘आजव्यात दोनशे तेरा फूट पाणी’ हे वाक्य म्हणून चूक आहे. ‘आजवा जलाशयाची पातळी दोनशे तेरा फुटांवर’ हे बरोबर. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली होती. त्या दिवसांच्या बातम्या पाहिल्या तर धोक्याची पातळी कुठे २५ फूट, कुठे २६ फूट अशी दिसते. त्या दिवशी महापालिका जी देते ती घ्या आणि दोन्ही भाषांत तीच ठेवा.

पावसाचंही असंच. राज्याचं आपत्कालीन केंद्र चोवीस तासांचा पाऊस सकाळी सहा ते सहा मोजून तालुकावार देतं, हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. दोन्ही आकडे खरे असतात, पण त्यांची तुलना होत नाही. मिलिमीटरला पंचवीसने भागून इंच काढायला हरकत नाही, फक्त ‘सुमारे’ म्हणा.

फोनवर गुजराती आकडे टिपताना मराठी कान हमखास घसरतो अशी एक जागा आहे. ‘साडत्रीस’ म्हणजे सदतीस. आपल्याला ते ‘साडेतीस’ ऐकू येतं, आणि नदीची पातळी साडेसहा फुटांनी उतरते. ‘आडत्रीस’ म्हणजे अडतीस, लाइन खरखरत असली की तेही तसंच वाटतं. समोरच्याकडून आकडा सुटा करून घ्या: ‘त्रण सात ने?’ एवढं विचारलं की काम झालं. तसंच ‘काले’. नियंत्रण कक्षाच्या छोट्या संदेशात ‘काले शाळा बंध’ आलं तर ते उद्याबद्दल आहे. घाईत ते ‘काल शाळा बंद’ झालं की सकाळी मुलं दप्तर घेऊन पाण्यात. पत्रकात ‘काल’, ‘उद्या’ लिहूच नका, वार आणि तारीख लिहा. स्क्रिप्टमध्ये मग त्यावरून काय हवं ते करा.

अधिकाऱ्यांचं म्हणणं

इथे सगळी जबाबदारी क्रियापदावर असते. मदत जाहीर होणं, मंजूर होणं आणि हातात पडणं या तीन वेगळ्या बातम्या आहेत. सरकारच्या गुजराती प्रसिद्धिपत्रकात ‘केशडोल चूकवाई’ असतं, म्हणजे रोजच्या खर्चाची रोख मदत दिली गेली. त्याचं मराठी ‘चुकवली’ करणारा भेटला की मी त्याला चहा पाजते आणि खुर्चीत बसवून पुन्हा लिहायला लावते. ‘कलेक्टरे खातरी आपी’ म्हणजे कलेक्टरांनी आश्वासन दिलं, त्यांनी खात्री करून घेतली असा अर्थ नाही. ‘तंत्र सज्ज’ मधलं तंत्र म्हणजे प्रशासन, यंत्रणा. ‘विस्तार’ म्हणजे भाग. हा शब्द आपण बडोदेकर बोलण्यात सर्रास वापरतो, तो घरात राहू द्या.

कोण बोललं ते पदासकट द्या, आणि ज्याचा जो विषय त्याच्याच तोंडी ती माहिती असू द्या. पाणी सोडण्याबद्दल नगरसेवकाचं वाक्य हे मत आहे, जलाशयाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांचं वाक्य ही माहिती. आपल्या सरावाच्या दिवशी समजा पालिकेचा अधिकारी म्हणतो, ‘हाल आजवामांथी पाणी छोडवामां आवतुं नथी.’ यातला ‘हाल’ म्हणजे सध्या, आणि सगळा जीव त्या एका शब्दात आहे. मराठीत तो गळला तर ‘आजव्यातून पाणी सोडले जात नाही’ हे वचन बनतं आणि लोक सामान परत खाली आणतात. लिहायचं असं: ‘आजवा जलाशयातून सध्या पाणी सोडले जात नसल्याचे महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी संध्याकाळी सहा वाजता सांगितले.’

गुजराती बाइट मराठी बुलेटिनमध्ये तशीच वापरा, वरून आवाज भरू नका. आपला प्रेक्षक गुजराती समजतो, आणि अधिकाऱ्याचे शब्द अधिकाऱ्याच्याच आवाजात राहिले की उद्या ‘मी असं म्हणालो नव्हतो’ ऐकावं लागत नाही. पंधरा-वीस सेकंदांची बाइट आणि खाली मराठी ओळ पुरे. बाइटच्या आधीच्या वाक्यात तीच माहिती पुन्हा सांगू नका, बोलणारा कोण आणि विषय काय एवढंच द्या.

पान जुळवताना

स्क्रिप्टचं पान दोन रकान्यांचं: डावीकडे दृश्य आणि पडद्यावरची पट्टी, उजवीकडे वाचायचा मजकूर. वाचनात आकडे अक्षरांत लिहा, ‘तीनशे दहा’. पट्टीवर अंकांत. पट्ट्या आणि खालचा टिकर दुसरंच कुणीतरी टाकत असतं, आणि बातमीत चार, टिकरवर सहा हा अपघात तिथेच होतो. पत्रकाची प्रत त्या टेबलावरही पोचवा. निवेदक मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द वाचतो असं धरून पूर-बातमीचा मुख्य भाग दीडशे शब्दांत बसवा, आणि मराठी-गुजरातीची लांबी शब्दांनी न जुळवता मोठ्यानं वाचून जुळवा.

डाव्या रकान्यात प्रत्येक दृश्यासमोर जागा, तारीख आणि वेळ. केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये खासगी उपग्रह वाहिन्यांना सूचना केली होती की नैसर्गिक आपत्तीच्या दृश्यांवर ती कधीची आहेत हे दाखवावं. आपली वाहिनी केबलवरची असली तरी हे पाळा. बडोद्यात मगरीचा जुना व्हिडिओ दर पुरात नव्यानं फिरतो, आणि २०१९ ची दृश्यं आजची म्हणून येतात.

आकडा खाली आला तर

वाढलेला आकडा कुणीही न सांगता बदलतो. अवघड असतं ते कमी झालेला सांगणं. समजा रात्री नऊला जिल्हा नियंत्रण कक्ष कळवतो की चारांपैकी एक मृत्यू पुराशी संबंधित नसल्याचं डॉक्टरांच्या तपासणीत दिसलं. तेव्हा गुपचूप ‘तीन’ करू नका. सात वाजता चार ऐकलेल्याला आता तीन ऐकू आले, तर तो दोन्हींवर विश्वास ठेवणार नाही. बदल वाक्यातच सांगा: ‘जिल्हा नियंत्रण कक्षाने मृतांचा आकडा चारवरून तीन केला आहे. एक मृत्यू पुरामुळे झालेला नसल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळल्याचे कक्षाने रात्री नऊ वाजता सांगितले.’ गुजरातीतही त्याच बुलेटिनच्या फेरीत, पुढच्या नाही. मग पट्टी, टिकर आणि सात वाजता इंटरनेटवर टाकलेली क्लिप. पत्रकातल्या जुन्या ओळीवर रेघ मारा, पण ती पुसू नका, आणि शेजारी नवी वेळ लिहा. रात्रपाळीला येणाऱ्याला तीच रेघ दिसायला हवी.